नाकाचा वाकडा पडदा, नाकातील पॉलिप आणि सकाळची घसादुखी

नाकाचा पडदा वाकडा असला किंवा नाकात पॉलिप, म्हणजे सुजलेल्या अस्तराचे लोंबणारे गोळे, वाढले, तर झोपेत तोंड उघडे पडते. रात्रभर तोंडाने श्वास चालतो आणि सकाळी घसा कोरडा व खवखवता लागतो. अशा वेळी घशाला जंतुसंसर्ग झालेला नसतो. घशाचे अस्तर सुकलेले असते, आणि म्हणूनच प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी हा त्रास जात नाही.

एरवी बाहेरची हवा घशापर्यंत पोचेस्तोवर नाक तिला शरीराच्या तापमानाजवळ आणते आणि बाष्पाने जवळजवळ पूर्ण भरते. तोंडाला हे काम तितके जमत नाही. त्यात झोपेत लाळ फारच कमी सुटते आणि गिळणेही कमी होते. त्यामुळे पडजीभ, टाळूचा मागचा भाग आणि घशाची मागची भिंत यांवरचा ओलावा उडून जातो. या दुखण्याची खूण सोपी आहे: उठल्याउठल्या ते सर्वांत जास्त असते, पाणी प्यायल्यावर तासाभरात ओसरते, ताप येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच होते. दिवस चढेल तसे दुखणे वाढत असेल, गिळताना कळ येत असेल किंवा ताप असेल, तर घशाचाच आजार शोधावा. सकाळी तोंड आंबट आणि आवाज बसलेला असेल, तर पित्त वर येते का ते पाहावे.

नाकाचा पडदा पुढच्या बाजूला कूर्चेचा आणि मागे हाडाचा असतो. बोलताना लोक ‘नाकाचे हाड वाढले’ म्हणतात, पण सहसा काही वाढलेले नसते. पडदा एका बाजूला झुकलेला असतो, कधी जन्मापासून, कधी लहानपणी नाकावर बसलेल्या मारामुळे. थोडाफार वाकडेपणा बहुतेकांना असतो आणि त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते पडद्याला टर्बिनेटची जोड मिळते तेव्हा. टर्बिनेट म्हणजे नाकाच्या बाहेरच्या भिंतीवरच्या, रक्ताने फुगणाऱ्या वळकट्या. निरोगी नाकातही काही तासांच्या अंतराने एका बाजूची टर्बिनेट फुगते आणि दुसऱ्या बाजूची ओसरते. आडवे झाल्यावर दोन्ही बाजू थोड्या चोंदतात, आणि कुशीवर झोपल्यास खालच्या बाजूची नाकपुडी अधिक चोंदते.

समजा, एखाद्याचा पडदा डावीकडे झुकला आहे. त्याची डावी नाकपुडी कायमची अरुंद. उजवीकडे मोकळी जागा मिळाल्याने तिथली खालची टर्बिनेट हळूहळू मोठी झालेली. हा माणूस रात्री ११ वाजता डाव्या कुशीवर झोपतो. तेव्हा वरची, म्हणजे उजवी बाजू मोकळी राहते आणि तोंड मिटलेले असते. पहाटे ३ वाजता तो उजव्या कुशीवर वळतो. आता उजवी टर्बिनेट फुगते, डावीकडे वाट आधीच नाही, आणि तोंड उघडते. सकाळी साडेसहापर्यंत साडेतीन तास घशावरून कोरडी हवा गेलेली असते. ‘काही दिवशी घसा धरतो, काही दिवशी नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा अशी कूस असते. गंमत म्हणजे हाच माणूस डॉक्टरांना सांगतो, ‘उजवी नाकपुडी बंद होते.’ अरुंद डाव्या बाजूची त्याला सवय झालेली असते. जाणवते ती अधूनमधून बंद होणारी रुंद बाजू. म्हणून रुग्ण दाखवेल तीच बाजू दोषी धरू नये.

पॉलिपचे वागणे वेगळे. सायनसच्या, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्यांच्या, तोंडाशी सुजलेले अस्तर लोंबू लागते आणि सोललेल्या द्राक्षासारखे फिकट, ओलसर गोळे तयार होतात. ते बहुधा दोन्ही बाजूंना असतात. त्यांत पाळीपाळीने उघडझाप नसते. कोणत्याही कुशीवर नाक बंदच राहते. सर्वांत बोलकी खूण म्हणजे वास जाणे. जेवण बेचव लागते, पण खारट-गोड कळते. आरशात टॉर्च लावून पाहणाऱ्यांना नाकपुडीत दिसणारा गुलाबी गोळा बहुतेक वेळा टर्बिनेट असतो. टर्बिनेटला स्पर्श झाला की दुखते, पॉलिपला सहसा कळतही नाही. पॉलिप असलेल्यांपैकी काहींना दमा असतो, आणि त्यांतल्या काहींना ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनी दम्याचा जोरदार झटका येतो. गोळा एकाच बाजूला असेल, त्यातून रक्त येत असेल, किंवा लहान मुलाच्या नाकात असेल, तर तो साधा पॉलिप समजू नये. दुर्बिणीने तपासणी आणि सीटी स्कॅन आधी हवे.

तपासणीत नाक मोकळे करणारे औषध, उदाहरणार्थ झायलोमेटाझोलिन, फवारून १० मिनिटांनी पुन्हा पाहतात. नाक चांगले उघडले तर अडथळा मुख्यतः टर्बिनेटच्या सुजेचा आहे. फरक पडला नाही तर पडदा किंवा पॉलिप. हे औषध घरी रोज रात्री वापरण्याचा मोह मोठा असतो, पण ३ ते ५ दिवसांपलीकडे ते घेऊ नये. त्यापुढे औषधाचा असर उतरताच टर्बिनेट आधीपेक्षा जास्त फुगते, आणि मूळ दोष बाजूला राहून थेंबांचीच सवय लागते.

सूज आणि पॉलिप दोन्हींवर पहिला उपाय स्टेरॉइडचा फवारा. तो पुष्कळदा चुकीच्या दिशेने मारला जातो, म्हणून फुकट जातो. आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवावे: किमान एक मिनिट उकळून कोमट केलेले २४० मिलिलिटर पाणी आणि सुमारे २ ग्रॅम आयोडीनविरहित मीठ. न उकळलेले नळाचे पाणी नाकात घालू नये; त्यातला अमीबा क्वचित पण प्राणघातक मेंदूज्वर करतो. मग मान किंचित पुढे झुकवून उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत फवारा मारावा. हात बदलल्याने नळीचे तोंड आपोआप कानाच्या दिशेने वळते. तोंड पडद्याकडे राहिले तर पडदा सुकतो आणि रक्त येते. जोरात हुंगू नये, नाहीतर औषध घशात उतरते. पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत सोडून देणे ही नेहमीची चूक.

फवाऱ्याने वाकडा पडदा सरळ होत नाही, पण टर्बिनेट ओसरून रात्र निभावली तर शस्त्रक्रियेची गरज नसते. नाहीतर सेप्टोप्लास्टी करतात: नाकपुडीच्या आतून अस्तर उचलून वाकडी कूर्चा व हाड सरळ करतात किंवा तेवढाच भाग काढतात, आणि बरेचदा मोठी टर्बिनेटही लहान करतात. नंतरच्या दिवसांत थोडे चोंदणे अपेक्षित असते. मात्र दोन्ही बाजू एकदम बंद होऊन ठणका वाढला, तर पडद्यात रक्त साकळल्याची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कूर्चेला रक्तपुरवठा अस्तरातून होतो. तो तुटला तर कूर्चा मरते आणि नाक मधोमध खचते. पॉलिप दुर्बिणीतून काढतात, पण अस्तराची सूज मुळात राहत असल्याने ते पुन्हा येऊ शकतात, आणि फवारा व नाक धुणे पुढेही चालू ठेवावे लागते.

नाक बंद असताना तोंडावर चिकटपट्टी लावून झोपणे धोक्याचे आहे. नाक मोकळे होऊनही तोंड उघडेच पडत असेल आणि सोबत घोरणे, मध्येच श्वास थांबणे किंवा दिवसा डुलक्या येणे असेल, तर दोष नाकाच्या मागे, घशाच्या सैल पडणाऱ्या भिंतींत असू शकतो. तिथे झोपेची तपासणी करावी लागते.