नोकरीचा राजीनामा देऊन स्वतःचं युनिट सुरू करताना: पात्रता, पत्राचा मजकूर, कागदपत्रं आणि तारखांचा क्रम

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज अशा औद्योगिक पट्ट्यांत पाच-सात वर्षं टूल रूममध्ये किंवा उत्पादन विभागात काम केलेला इंजिनिअर दोन सीएनसी मशीन घेऊन स्वतःचं वर्कशॉप टाकतो, हे नवं नाही. मशीनची कोटेशनं, शेडचं भाडं, बँकेचा हप्ता यांचा हिशेब तो बारकाईनं करतो. राजीनाम्याचं पत्र मात्र बहुतेक जण पाच मिनिटांत ईमेलवर लिहून पाठवतात. ग्रॅच्युइटी मिळणार की नाही, जुनी कंपनी नोटीस पाठवू शकेल का, बँकेत अनुभवाचा दाखला वेळेत देता येईल का, हे सगळं त्या पत्रातल्या दोन तारखांवर ठरतं: पत्र दिल्याची तारीख आणि कामाचा शेवटचा दिवस.

राजीनामा कोण देऊ शकतो

खासगी कंपनीतला कोणताही कायम कर्मचारी राजीनामा देऊ शकतो. अटी असतात त्या नेमणूक पत्रात. म्हणून आधी ते पत्र, नंतरची बढतीची आणि पगारवाढीची पत्रं आणि सही केलेला बाँड असेल तर तो, हे सगळं एकत्र काढून वाचावं. नोटीस पिरियड अनेकदा बढतीच्या पत्रात एक महिन्याचा दोन किंवा तीन महिने झालेला असतो आणि ते लक्षात राहिलेलं नसतं. नोटीसऐवजी पैसे भरून लवकर सुटता येतं का, आणि ती रक्कम मूळ पगारावर मोजतात की एकूण पगारावर, हेही तिथेच लिहिलेलं असतं. अशा वसुलीवर कुणी जीएसटी लावला, तर केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं ३ ऑगस्ट २०२२ चं १७८ क्रमांकाचं परिपत्रक दाखवावं. नोटीस पगाराच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

बाँड म्हणजे कोरी धमकी असते, असं समजू नये. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. बाँडची मुदत संपायला थोडेच महिने राहिले असतील, तर तेवढं थांबणं बहुधा स्वस्त पडतं.

जुन्या कंपनीसारखंच उत्पादन काढता येतं का

इथे सगळ्यात जास्त गोंधळ असतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार, नोकरी सुटल्यानंतर त्याच क्षेत्रात धंदा करू नये अशी अट सर्वसाधारणपणे लागू करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या सुपरिंटेंडन्स कंपनीच्या निकालातूनही हीच भूमिका पुढे आली. त्यामुळे ‘दोन वर्षं या क्षेत्रात काम करणार नाही’ असं कलम नेमणूक पत्रात दिसलं म्हणून लगेच बेत सोडून देण्याचं कारण नाही.

नोकरी चालू असतानाची गोष्ट मात्र अगदी वेगळी. त्यासाठी १९६७ चा गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग हा निकाल माहीत असावा. कल्याणच्या कारखान्यात टायर कॉर्ड धाग्याच्या विभागात हे गृहस्थ शिफ्ट सुपरवायझर होते. पाच वर्षांचा करार होता, आणि कंपनीनं परदेशी तंत्रज्ञान गुप्ततेच्या अटीवर घेतलं होतं. कराराची मुदत संपण्याआधीच ते कोट्याच्या एका रेयॉन कंपनीत रुजू झाले. कराराच्या काळातलं असं बंधन वैध आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आणि मनाई हुकूम कायम राहिला. नोटीस पुरी न करता, राजीनामा मंजूर होण्याआधी काम सोडून गेलात, तर ‘हा अजून आमच्या करारात आहे’ असं म्हणायला कंपनीला जागा मिळते. लेखी शेवटचा दिवस आणि लेखी मंजुरी हवी ती यासाठी.

मुदत संपली तरी ड्रॉइंग तुमची होत नाहीत. नोकरीचं काम म्हणून काढलेल्या ड्रॉइंगचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, कंपनीचा असतो. फिक्स्चर कसं बांधायचं, कुठल्या धातूला कुठला फीड द्यायचा हे डोक्यातलं कसब तुमचं आहे. पेन ड्राइव्हवरच्या कॅड फायली, ग्राहकांच्या दरांची यादी, प्रोसेस शीट हे तुमचं नाही. शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या ईमेलवर पाठवलेली एक फाईल सर्व्हरच्या नोंदीत सापडते, आणि पुढे वाद झालाच तर कंपनीच्या हाती सगळ्यात भक्कम पुरावा तोच असतो.

तारीख कशी ठरवायची: एक उदाहरण

समजा, एक टूल डिझाइन इंजिनिअर ४ जानेवारी २०२१ ला रुजू झाला. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ४२,००० रुपये, नोटीस ६० दिवसांची. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते, म्हणजे ती ३ जानेवारी २०२६ ला पुरी होते.

पहिला विचार असा येतो की १० नोव्हेंबरला पत्र द्यावं, ६० दिवस ९ जानेवारीला संपतील, पाच वर्षंही होतील. गणित बरोबर आहे, पण त्यात धोका आहे. प्रतिस्पर्धी युनिट सुरू होतंय अशी शंका आली, तर काही कंपन्या नोटीसचा पगार हातात ठेवून माणसाला लगेच मोकळं करतात. नेमणूक पत्रात तशी मुभा असेल तर सेवा नोव्हेंबरमध्येच संपते आणि ग्रॅच्युइटीवरून भांडत बसावं लागतं. चार वर्षं २४० दिवस झाले तरी चालतं, असं काही उच्च न्यायालयांनी म्हटलं आहे. पण धंद्याच्या पहिल्याच वर्षी त्या आशेवर खटला लढवायचा का, हा विचार करावा.

माझ्या मते त्यानं पत्र सोमवार, ५ जानेवारी २०२६ ला द्यावं. दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर साठावा दिवस शुक्रवार, ६ मार्च २०२६ येतो. आता कंपनीनं त्याला त्याच दिवशी सोडलं तरी पाच वर्षं झालेली आहेत. ग्रॅच्युइटी येते ४२,००० × १५ ÷ २६ × ५, म्हणजे सुमारे १,२१,१५४ रुपये. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यातल्या वेतनाच्या व्याख्येनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनात धरला जातो. ज्यांचा मूळ पगार मुद्दाम कमी ठेवलेला आहे, त्यांनी हिशेब त्या पद्धतीनंही मागून घ्यावा.

पत्रात काय लिहायचं

पत्र कंपनीच्या भाषेत, बहुतेक ठिकाणी इंग्रजीत जातं. मजकूर मात्र एवढाच पुरतो:

> विषय: पदाचा राजीनामा
>
> मी दि. ४ जानेवारी २०२१ पासून आपल्या कंपनीत टूल डिझाइन इंजिनिअर या पदावर काम करत आहे. स्वतःचा व्यवसाय सुरू करण्याच्या हेतूने मी या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूक पत्रातील अटीनुसार ६० दिवसांची नोटीस आजपासून देत असून माझा कामाचा शेवटचा दिवस ६ मार्च २०२६ राहील.
>
> या काळात माझ्याकडील काम आपण नेमाल त्या सहकाऱ्याकडे सोपवीन. कंपनीची सर्व ड्रॉइंग, फायली, लॅपटॉप व ओळखपत्र शेवटच्या दिवशी परत करीन. कृपया राजीनामा मंजूर केल्याचे लेखी कळवावे, आणि कार्यमुक्ती पत्र, अनुभवाचा दाखला, अंतिम हिशेब व ग्रॅच्युइटी द्यावी, ही विनंती.

कारणाच्या ओळीवर लोक अडतात. ‘तब्येतीच्या कारणामुळे’ असं लिहू नये. दोन महिन्यांनी तुमच्या नावाची पाटी लागली की तो खोटेपणा ठरतो. आणि ‘हायड्रॉलिक फिटिंगचं युनिट टाकतोय’ असा तपशीलही देण्याची गरज नाही. ‘स्वतःचा व्यवसाय’ हे खरंही आहे आणि पुरेसंही. साहेबांवरचा राग, पगाराची तक्रार यातलं काहीच पत्रात नको. लहान युनिटचं पहिलं जॉबवर्क पुष्कळदा जुन्या कंपनीच्याच खरेदी विभागातून येतं, आणि तुमच्या फाईलमध्ये हे पत्र तेव्हाही असतं.

पत्र थेट वरिष्ठांना आणि एचआरला एकाच ईमेलमध्ये पाठवावं, प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवावी. कंपनीच्या पोर्टलवर राजीनामा नोंदवायचा असेल तर तोही त्याच दिवशी नोंदवून स्क्रीनशॉट काढावा. आठवड्यात मंजुरी आली नाही तर तारखा पुन्हा लिहून विचारणा करावी. तोंडी ‘हो, चालेल’ यावर विसंबू नये.

नोटीसच्या काळात काय करावं, काय करू नये

शेड पाहणं, मशीनची कोटेशनं घेणं, प्रकल्प अहवाल तयार करणं, बँकेशी बोलणं याला हरकत नाही, पण हे सगळं कामाच्या वेळेबाहेर. जीएसटी किंवा उद्यम नोंदणी मात्र कार्यमुक्त झाल्यावरच करावी. जीएसटीच्या संकेतस्थळावर `Search by PAN` हा पर्याय सगळ्यांना खुला आहे; पॅन टाकला की नोंदणीची माहिती दिसते, आणि तुमचा पॅन एचआरकडे असतोच. नोकरीत असताना दुसरा धंदा करणार नाही, ही अट जवळपास प्रत्येक नेमणूक पत्रात असते.

घाई न करण्याचं आणखी एक कारण आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं अनुदान नव्या युनिटसाठी असतं. आधीच चालू असलेलं युनिट त्यात बसत नाही. तिथे अर्ज करायचा असेल तर आधी बिलं फाडून ठेवणं अंगाशी येतं.

निघताना हाती असायला हवीत अशी कागदपत्रं

राजीनामा मंजुरीचं पत्र, कार्यमुक्ती पत्र, अनुभवाचा दाखला, शेवटच्या पगारपत्रकांच्या प्रती, फॉर्म १६ आणि विभागांच्या सह्या असलेलं ना-देय पत्र. अनुभवाच्या दाखल्यात फक्त पद नको, कामाचं स्वरूप लिहून घ्यावं. ‘प्रेस टूल आणि फिक्स्चर डिझाइन, सीएनसी मिलिंगची देखरेख’ ही एक ओळ कर्ज तपासणाऱ्या बँक अधिकाऱ्याला पदनामापेक्षा जास्त सांगते.

वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर थकीत वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं, ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. पीएफच्या पोर्टलवर यूएएनच्या खाली नोकरी सोडल्याची तारीख भरली गेली का, हे महिन्याभरानं पाहावं. कंपनीनं ती भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला ती आधारच्या ओटीपीनं स्वतः भरता येते. ती कार्यमुक्ती पत्रातल्या तारखेशी जुळली पाहिजे. न जुळल्यास पुढे दावा अडकतो. पाच वर्षांची सेवा पुरी नसताना पीएफ काढला तर त्यावर कर लागतो, म्हणून मशीनच्या आगाऊ रकमेसाठी त्या पैशांवर हिशेब बांधण्याआधी सेवेची वर्षं मोजून घ्यावीत. आधीच्या कंपनीतला पीएफ या खात्यात वर्ग करून घेतला असेल, तर तीही वर्षं धरली जातात.