डिटेक्शन नियमांची अ‍ॅटॉमिक चाचणी

हल्ला ओळखण्यासाठी लिहिलेला नियम खरोखर वाजतो का, म्हणजे इशारा देतो का, हे पाहण्यासाठी हल्ल्यातली एकच छोटी कृती चाचणी-संगणकावर मुद्दाम करून बघण्याची पद्धत. ‘रेड कॅनरी’ कंपनीने २०१७ मध्ये खुला केलेला ‘अ‍ॅटॉमिक रेड टीम’ हा संग्रह यासाठी वापरला जातो. त्यातली प्रत्येक चाचणी ‘मायटर अ‍ॅटॅक’ या हल्लेखोरांच्या तंत्रांची क्रमांकवार मांडणी करणाऱ्या चौकटीतल्या एखाद्या तंत्राशी जोडलेली असते.

T1053.005 हे तंत्र घेऊ. विंडोजमध्ये घुसलेला हल्लेखोर पुन्हा परतता यावे म्हणून शेड्यूल्ड टास्क, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारे काम, बनवून ठेवतो. चाचणी एका ओळीची:

```
schtasks /create /tn "chachani" /tr calc.exe /sc once /st 23:50
```

काम झाल्यावर टास्क पुसायचा आणि निकाल नोंदवायचा: वाजला, चुकला किंवा उशिरा वाजला.

‘चुकला’ लिहिण्याआधी चाचणी खरेच चालली का, हे बघावे. अँटिव्हायरसने आज्ञा वाटेतच अडवली असेल, तर नियमाची परीक्षा झालेलीच नसते. चालली असेल तर लॉग शोधावा. टास्क तयार झाल्याची 4698 ही नोंद विंडोज तिचे ऑडिट धोरण चालू असेल तरच लिहिते. लॉगच नसेल, तर नियम कितीही सुधारला तरी उपयोग नाही.

‘उशिरा’ हा रकाना बरेच जण गाळतात, आणि ती मोठी चूक आहे. प्रत्येक चाचणीच्या तीन वेळा लिहाव्यात: कृती घडली, लॉग सर्व्हरवर पोहोचला, इशारा आला. समजा, टास्क ११:०२ला बनला आणि लॉग ११:०८ला पोहोचला. नियम दर पाच मिनिटांनी चालतो आणि घटनेच्या वेळेनुसार मागची पाच मिनिटे बघतो. ११:०५च्या फेरीत लॉग आलेलाच नसतो. ११:१०ची फेरी ११:०५च्या मागे बघत नाही. लॉग हाताशी आहे, नियमाची अटही बरोबर आहे, तरी इशारा कधीच येत नाही. नियमाला मागची पंधरा मिनिटे बघायला लावले, की तो ११:१०ला वाजतो. मात्र तीच घटना ११:१५च्या फेरीतही सापडते, म्हणून दुबार इशारे दाबावे लागतात. या दुरुस्तीनंतर निकाल ‘वाजला, आठ मिनिटे उशिरा’ असा लिहावा.

‘वाजला’ या निकालालाही मर्यादा आहे. हाच टास्क पॉवरशेलच्या `Register-ScheduledTask`ने बनवला, तर `schtasks.exe` चालतच नाही. त्यामुळे फक्त ते नाव शोधणारा नियम गप्प राहतो, पण 4698 वर बेतलेला वाजतो. एका तंत्राच्या निदान दोन तऱ्हा चालवाव्यात आणि प्रत्येकीचा निकाल वेगळ्या ओळीत लिहावा. लॉग पाठवणारा एजंट किंवा विंडोजची आवृत्ती बदलली, की त्या ओळी पुन्हा चालवाव्या लागतात.