जेवताना पाणी प्यायल्याने पाचक रस पातळ होतात का? आणि ऍसिडिटीवाल्यांनी काय करायचं?

"जेवताना पाणी पिऊ नकोस, जठराग्नी विझतो" हे आपल्यापैकी बहुतेकांनी आजीकडून ऐकलंय आणि आता तेच रील्सवर नव्या कपड्यांत फिरतंय, म्हणजे पाण्याने पाचक रस डायल्यूट होतात, मग अन्न पचत नाही, पोटात सडतं वगैरे. ऐकायला पटतं, कारण आम्लात पाणी घातलं की ते पातळ होतं हे शाळेत शिकलेलंच असतं. पण किती पातळ होतं हा हिशोब कुणी करत नाही, तर तो आधी करू.

पोटातलं ऍसिड pH मध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितकं ऍसिड जास्त कडक. या मापाची गंमत अशी की आकडा १ ने वाढवायचा तर ऍसिड दहापट पातळ करावं लागतं. समजा पोटात पाव लिटर रस आहे आणि त्याचा pH आहे २. आता तुम्ही एक मोठा ग्लास, म्हणजे आणखी पाव लिटर पाणी प्यायलात आणि ते सगळं नीट मिसळलं असं धरलं, तरी ऍसिड निम्मं पातळ होऊन pH जातो २.३ वर. बस्स एवढंच. तो ३ वर न्यायचा तर असे नऊ ग्लास एका दमात रिचवावे लागतील, आणि तोवर पोट पुन्हा रस सोडणार नाही असं गृहीत धरावं लागेल, जे खोटंच आहे.

बरं, ऍसिडला खरा उतारा पाणी नाहीच, जेवण आहे! वरण, दही, अंडं यातली प्रथिनं ऍसिड शोषून घेतात आणि जेवण पोटात पडल्यावर तिथला pH चक्क ४-५ पर्यंत चढतो. जठराला हे कळतं, गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन सुटतं, त्याने जठराच्या भिंतीतल्या पेशी जास्त ऍसिड ओतायला लागतात आणि तास-दोन तासांत pH परत खाली येतो. पुरेसं खाली आलं की तीच यंत्रणा ब्रेक लावते. म्हणजे पोटात ठरलेल्या मापाचा रस भरून ठेवलेला नसतो, लागेल तसा बनतो, दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर. आणि शिजलेल्या भातात जवळजवळ दोन तृतीयांश पाणीच असतं, ताक तर बहुतेक पाणीच, पण "वरणभाताने पाचक रस पातळ होतात" असं कुणी म्हणालेलं मी अजून ऐकलेलं नाही 😄

रिकाम्या पोटी मात्र प्रकार थोडा वेगळा. तेव्हा जठरात रस अगदी थोडा असतो, त्यामुळे २०० मिली पाणी प्यायलं की pH खरंच झटकन ४ च्या वर जातो, निरोगी लोकांवर मोजून पाहिलंय हे. पण तीनेक मिनिटांत तो परत उतरतो. शिवाय साधं पाणी जठरात फार रेंगाळत नाही, रिकाम्या पोटी प्यायलेल्या ग्लासातलं निम्मं पाणी साधारण दहा-पंधरा मिनिटांत पुढे आतड्यात गेलेलं असतं. भरल्या पोटी वेळ जास्त लागतो, पण तेव्हाही बरंचसं पाणी अन्नाच्या गोळ्याला बगल देऊन जठराच्या आतल्या कडेने पुढे सरकतं.

आणि पचनाचं मुख्य काम जठरात होतच नाही, ते होतं लहान आतड्यात. तिथे स्वादुपिंडातून अल्कली येते, ऍसिड मारलं जातं आणि मग पुढची एन्झाइम्स कामाला लागतात. त्या आतड्यात रोज लाळ, जठररस, पित्त आणि खाल्लं-प्यायलेलं धरून आठ-नऊ लिटर द्रव जातो, त्यात तुमचा जेवतानाचा एक ग्लास कुठे दिसणार? महिनोन्महिने पँटोप्राझोल घेणाऱ्यांचं ऍसिड तर औषधानेच कमी केलेलं असतं, तरी त्यांचं जेवण पचतंच ना.

जुन्या लोकांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. वाग्भटांनी अष्टांगहृदयात जेवताना मध्येमध्ये पाणी पिणं चांगलंच सांगितलंय (त्याने शरीर सम राहतं, आधी प्यायल्यास कृश आणि शेवटी प्यायल्यास स्थूल), आणि पोटाचे दोन भाग अन्नाने, एक पाण्याने भरावा आणि चौथा रिकामा ठेवावा असंही. तो रिकामा भाग लक्षात ठेवा, रिफ्लक्सवाल्यांचं सगळं गणित तिथेच आहे.

रिफ्लक्स म्हणजे आपण जिला सरसकट ऍसिडिटी म्हणतो त्यातला छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी येणं हा प्रकार. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंची एक झडप असते. जठराचा वरचा भाग ताणला गेला की ती अधूनमधून आपोआप काही सेकंद सैल पडते, त्यातूनच ढेकर येते. हे सगळ्यांनाच होतं, पण काहींच्यात त्या ढेकरेबरोबर ऍसिडही वर येतं. त्यात जेवणानंतर अन्नाच्या थरावर, बरोबर झडपेखाली, ताज्या ऍसिडचा एक थर साचतो. म्हणजे प्रश्न रस पातळ होण्याचा नाही, पोट किती भरलंय आणि तुम्ही आडवे कधी होताय याचा आहे.

आमच्या मामांचंच घ्या. रात्री दहाला जेवण, तीन पोळ्या, भाजी, वरणभात, वर पेलाभर ताक, आणि "जेवताना पाणी प्यायचं नाही" हा नियम इतका कडक की सगळी तहान शेवटी दोन तांबे गटागटा पिऊन भागवायची आणि साडेदहाला पलंगावर. जेवण-ताक मिळून पाऊण लिटर धरा, वर पाणी अर्ध्या लिटरहून जास्त, म्हणजे सव्वा लिटरच्या वर माल. जठर एवढं ताणून घेतं खरं, पण चौथा भाग शिल्लक राहिला कुठे? मग रात्री बाराला जळजळ, आणि दोष मात्र वरणातल्या फोडणीला. त्यांना पाणी कमी करायचं नव्हतंच, फक्त ते दिवसभरात वाटून घ्यायचं होतं, जेवताना घोटघोट मिळून अर्धा-एक ग्लास आणि बाकीचं दोन जेवणांच्या मधे. जेवण आठला आणलं आणि झोपायच्या आधी तीन तास मोकळे सोडले तर अर्धी लढाई तिथेच. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू सहा-आठ इंच वर करणं आणि डाव्या कुशीवर झोपणं याचाही खरंच उपयोग होतो. नुसत्या जास्तीच्या उशांनी मान वाकडी होते आणि पोट दाबलं जातं, त्या नकोत.

सोडा पिऊन ढेकर काढायची सवय असेल तर ती सोडलेली बरी, गॅसने जठर आणखी ताणतं. उलट जळजळ होत असताना साध्या पाण्याचे दोन-चार घोट घेतले तर अन्ननलिकेला लागलेलं ऍसिड खाली धुतलं जातं. गोळ्या घेताना तर पाणी भरपूर हवंच आणि बसून, नाहीतर डॉक्सीसायक्लिनसारखी गोळी मधेच चिकटून अन्ननलिकेला जखम करते. आणि पँटोप्राझोल जेवल्यावर आठवण आली म्हणून घेऊ नका, ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी घेतली तर नीट काम करते.

ज्यांचं जठर मुळातच हळू रिकामं होतं (जुन्या डायबिटीसमध्ये होतं असं) किंवा वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय, त्यांना जेवण आणि पाणी कसं वेगळं ठेवायचं ते डॉक्टर सांगतात, तसंच हृदय-किडनीवाल्यांचा पाण्याचा कोटाही वेगळा असतो, त्यांनी हा लेख दाखवून वाद घालू नये. आणि घास अडकायला लागला, वजन आपोआप उतरलं, उलटीत रक्त आलं किंवा शौचाला डांबरासारखी काळी झाली तर पाण्याचे प्रयोग बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. छातीतलं दुखणं हातात-जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल तर ऍसिडिटी समजून सोडा शोधत बसू नका, लगेच हॉस्पिटलला जा.