टेंगूळ उतरलं, पण डोकं आता दुखायला लागलंय

न्हाणीघरात पाय सरकतो, चौकट कपाळाला लागते, टेंगूळ येतं. सत्तरीपुढच्या माणसाच्या बाबतीत घरचे बर्फ लावतात, दोन दिवसांनी विसरून जातात. तो माणूस रक्त पातळ करायची गोळी घेत असेल, तर मात्र पुढच्या काही आठवड्यांत दोन वेगवेगळ्या डोकेदुख्या येऊ शकतात. एक मुक्या माराची. दुसरी मेंदूच्या आवरणाखाली साचणाऱ्या रक्ताची, म्हणजे डॉक्टर ज्याला सबड्युरल म्हणतात त्याची. दोन्हींत तक्रार एकच, ‘डोकं दुखतंय’.

मुका मार कवटीच्या बाहेर असतो. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त तिथंच साकळतं आणि फुगवटा हाताला लागतो. दुसऱ्या प्रकारात रक्त कवटीच्या आत साचतं, मेंदू आणि त्याच्यावरचं जाड आवरण यांच्या मधल्या जागेत. मेंदूवरच्या काही शिरा ही जागा ओलांडून आवरणातल्या मोठ्या शिरेला मिळतात. वय वाढतं तसा मेंदू थोडा आक्रसतो आणि या शिरा ताणल्या जातात. मग लहानशा हिसक्यानेही एखादी चिरते. डोकं आपटायलाच हवं असंही नाही, बसकण मारून पडताना बसलेला झटका पुरतो. म्हणून टेंगूळ किती मोठं होतं यावरून आत काय झालंय याचा अंदाज करू नये.

शिरेतल्या रक्ताला जोर कमी असतो, त्यामुळे गळती बहुतेकदा संथ असते. आक्रसलेल्या मेंदूभोवती मोकळी जागा असल्याने बरंच रक्त साचेपर्यंत त्रासही होत नाही. शरीर त्या रक्ताभोवती पातळ पापुद्रा धरतं, पण त्यात उगवलेल्या नव्या वाहिन्या इतक्या कच्च्या असतात की त्याच पुन्हापुन्हा झिरपतात. गोठण्याची क्रिया गोळीने आधीच मंदावलेली, म्हणजे थांबायला हवं ते झिरपणं चालूच राहतं. काही वेळा मात्र गळती जोरात असते आणि काही तासांतच शुद्ध हरपते.

फरक पाहायचा तो दुखण्याच्या चालीत. मुक्या माराचं डोकं पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं, टेंगळावर बोट ठेवलं की कळ येते आणि रोज थोडं उतरत आठवड्याभरात बहुतेक संपतं. आतल्या रक्ताचं दुखणं उलट चालीचं. ते बऱ्याचदा मार विसरल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतं आणि चढत जातं. बोट ठेवून जागा दाखवता येत नाही. सकाळी उठल्यावर, खोकताना किंवा वाकताना ते वाढू शकतं. सोबत काहीतरी बदललेलं असतं: दिवसा झोप, संथ बोलणं, विसराळूपणा, चालताना एका बाजूला झुकणं. पण डोकं फारसं न दुखता फक्त हे बदल दिसले, असंही म्हाताऱ्या माणसात सर्रास होतं.

समजा, पंचवटीतले शहात्तर वर्षांचे आजोबा आहेत. हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, जितका जास्त तितकं रक्त पातळ. त्यांच्यासाठी तो २ ते ३ मध्ये राहायला हवा. रामकुंडावरच्या ओल्या पायरीवर घसरले, कानामागे टेंगूळ आलं, चार-पाच दिवसांत गेलं. तपासणी झाली नाही. तिसऱ्या आठवड्यात जुलाब झाले म्हणून मेट्रोनिडाझोल घेतलं. या गोळीने वॉरफरिनचा परिणाम वाढतो, हे दुकानातून गोळी आणताना कुणाच्या लक्षात आलं नाही. विसाव्या दिवसापासून डोकं दुखू लागलं. घरच्यांना वाटलं बीपी असेल. मग एक बारीकशी गोष्ट सुनेच्या नजरेत आली: चालताना डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि आजोबांना ते कळतही नाही. सदऱ्याचं बटण लावायलाही डावा हात चाचपडतो.

सव्विसाव्या दिवशी सीटी स्कॅनमध्ये उजव्या बाजूला चंद्रकोरीच्या आकाराचा १६ मिलिमीटर जाडीचा थर दिसला, मेंदूची मधली रेषा ७ मिलिमीटर सरकलेली आणि आयएनआर ४.८. थर बराचसा काळपट, मध्ये ताजे पांढरे पट्टे, म्हणजे जुन्या रक्तात नवं रक्त मिसळलेलं. ताजं रक्त सीटीवर पांढरं दिसतं आणि तीन आठवड्यांनंतर काळपट. मधल्या काळात ते मेंदूच्याच करड्या रंगाचं होतं आणि पातळ थर नजरेतून सुटू शकतो. त्यामुळे स्कॅन वाचणाऱ्याला पडल्याची तारीख आणि गोळीचं नाव सांगणं गरजेचं आहे.

आजोबांना शिरेतून व्हिटॅमिन के आणि रक्त गोठवणारे तयार घटक देऊन आधी आयएनआर उतरवला जातो, ते घटक नसतील तर प्लाझ्मा. मग कवटीला छिद्रं पाडून काळसर पातळ रक्त काढतात आणि एक-दोन दिवस नळी ठेवतात. ही शस्त्रक्रिया झाली की बऱ्याच जणांचा हात-पाय लवकर सुधारतो. काहींत रक्त पुन्हा साचतं, म्हणून नंतरही लक्ष ठेवावं लागतं.

डावी बाजू लुळी पडली की घरच्यांना पहिला संशय अर्धांगवायूचा येतो. अर्धांगवायू बहुधा काही मिनिटांत येतो, हे दुखणं दिवसांत वाढतं, मध्ये बरं वाटून पुन्हा बिघडतं. पण घरी बसून निवाडा करू नये आणि अॅस्पिरिन तर मुळीच देऊ नये. आत रक्तस्राव असेल तर ती आगीत तेल ओतेल. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणि त्यांच्या मिश्र गोळ्याही टाळाव्यात. पॅरासिटॅमॉल चालतं, पण त्याने दुखणं थांबलं म्हणजे आत काही नाही, असं होत नाही.

मुळात ही तुलना पहिल्या दिवसासाठी नाही. वॉरफरिन, अॅसिनोकुमॅरॉल, डॅबिगॅट्रान, रिव्हरोक्साबॅन, अॅपिक्साबॅन यांपैकी काही चालू असताना डोक्याला मार लागला, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. सीटी काढायचा तो पहिल्या आठ तासांत निघावा. क्लोपिडोग्रेलवाल्यांनीही हेच करावं. सीटी स्वच्छ आला तरी पहिले चोवीस तास सोबत कुणीतरी हवं. पुढच्या आठवड्यांत नवं दुखणं किंवा चप्पल निसटण्यासारखं काही दिसलं, तर आधीच्या स्वच्छ स्कॅनवर विसंबू नये, तेव्हाचं चित्र जुनं झालेलं असतं. उलटी, गुंगी, आकडी, बोलताना अडखळणं, एका बाजूचा अशक्तपणा यांपैकी काहीही दिसलं तर थेट १०८ ला फोन करावा आणि चोवीस तास सीटी असलेलं रुग्णालय गाठावं.

जाताना गोळ्यांची पाकिटं, आयएनआरचा शेवटचा कागद आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली हे लिहून न्यावं. डॅबिगॅट्रानवर उतारा वेगळा आहे, वॉरफरिनवर वेगळा. ‘रक्त पातळ करायची गोळी’ एवढ्यावरून तो ठरत नाही. डॉक्टरांशी बोलण्याआधी पुढचा डोस घेऊ नये. पण घरच्या घरी दिवसेंदिवस गोळी बंद ठेवणंही धोक्याचं, विशेषतः हृदयात धातूची झडप असेल तर, कारण तिच्यावर गुठळी धरते. पुन्हा कधी सुरू करायची हे मेंदूचे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतात. झडप असलेल्याला ती लवकर सुरू करावी लागते, आजोबांसारख्याला काही आठवडे थांबता येतं.