आई-वडिलांच्या हप्त्याला वेगळी मर्यादा कशी मिळाली: कलम ८०डीची पार्श्वभूमी

१९८६ साली जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या चार सरकारी कंपन्यांनी 'मेडिक्लेम' विकायला सुरुवात केली. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पातून, आरोग्य विम्याच्या हप्त्याची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करू देणारे कलम ८०डी आयकर कायद्यात आले. सुरुवातीची वजावट होती वर्षाला ३,००० रुपये, आणि हप्ता चेकने भरण्याची अट होती. 'रोख नको' हा नियम हप्त्यासाठी आजही कायम आहे, आणि त्यात अजूनही लोक फसतात.

पहिली बावीस वर्षे सगळे कुटुंब एकाच मर्यादेत बसवलेले होते. करदाता, जोडीदार, मुले आणि आई-वडील, तेही अवलंबून असतील तरच. आई-वडिलांचा हप्ता भरला की स्वतःच्या हप्त्याला जागा उरत नसे. वडिलांना पेन्शन असेल तर ते 'अवलंबून' आहेत का, हा वाद वेगळाच.

ही गाठ २००८ च्या अर्थसंकल्पाने सोडवली. आई-वडिलांच्या हप्त्यासाठी १५,००० रुपयांची, ते ज्येष्ठ असतील तर २०,००० रुपयांची स्वतंत्र वजावट आली आणि अवलंबित्वाची अटही गेली. या कलमाच्या इतिहासातला आमच्या मते हा सर्वांत महत्त्वाचा बदल. पेन्शनवर जगणाऱ्या वडिलांचा हप्ता मुलगी भरते तेव्हा तिला वजावट मिळते, ती यामुळेच. मात्र सासू-सासरे 'आई-वडील' या शब्दात येत नाहीत. त्यांचा हप्ता जावयाने किंवा सुनेने भरला तर कुणालाच वजावट मिळत नाही. तो त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या किंवा मुलीच्या खात्यातूनच जायला हवा.

२०१२ साली दोन गोष्टी घडल्या. ८०डीसाठी ज्येष्ठत्वाचे वय ६५ वरून ६० वर आले, आणि प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीचे ५,००० रुपये धरले जाऊ लागले. हे ५,००० मर्यादेच्या वर नसून आतच आहेत, आणि स्वतःचे कुटुंब व आई-वडील मिळून एकदाच आहेत. तपासणीचे पैसे रोख दिले तरी चालतात. कलमातली ही एकमेव रोख सवलत.

हप्ते वाढत गेले तरी एक प्रश्न उरलाच होता: वयामुळे किंवा जुन्या आजारामुळे ज्यांना विमा मिळतच नाही, त्यांचे काय? २०१५ साली ८० वर्षांवरच्या विमा नसलेल्यांचा औषधोपचाराचा खर्च या कलमात घेतला गेला. २०१८ साली हीच सोय ६० वर्षांपासून सर्वांना मिळाली आणि ज्येष्ठांची मर्यादा ३०,००० वरून ५०,००० झाली. इतरांची २५,००० ही मर्यादा २०१५ सालची, ती तशीच आहे.

हे सगळे थर एका हिशेबात पाहू. नाशिकची एक नोकरदार स्त्री स्वतःच्या, नवऱ्याच्या आणि मुलाच्या पॉलिसीचा २१,८०० रुपये हप्ता भरते. स्वतःच्या आणि नवऱ्याच्या तपासणीला ४,००० रुपये देते. २५,००० च्या मर्यादेत आता ३,२०० चीच जागा आहे, म्हणून तपासणीचे ८०० वाया जातात. तिच्या ६८ वर्षांच्या वडिलांचा हप्ता ३६,२००. ६१ वर्षांच्या आईला मधुमेहामुळे पॉलिसी मिळाली नाही; तिच्या औषधांचे ९,००० रुपये यूपीआयने दिले आहेत आणि बिले जपून ठेवली आहेत. दोन्ही मिळून ४५,२००. वडिलांच्या तपासणीला २,५०० लागले, पण ५,००० मधले ३,२०० आधीच वापरले गेल्याने १,८०० च धरता येतात. आई-वडिलांचे झाले ४७,०००, आणि एकूण वजावट ७२,०००. आईची औषधे रोखीने घेतली असती, तर ९,००० गेले असते.

वय आर्थिक वर्षात केव्हाही ६० पूर्ण झाले तरी चालते, ३१ मार्चला झाले तरीही. पण ज्येष्ठ व्यक्ती त्या वर्षी आयकर कायद्यानुसार भारतात निवासी असावी लागते. परदेशी मुलाकडे वर्षभर राहिलेल्या आई-वडिलांचा निवासी दर्जा म्हणूनच आधी तपासावा. दोन-तीन वर्षांचा हप्ता एकदम भरला, तर तो तितक्या वर्षांत समान विभागून दाखवावा लागतो. हा नियमही २०१८ चाच.

ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवी प्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू होते. तेव्हापासून सगळी कागदपत्रे नीट असूनही वजावट शून्य दिसते, ती बहुधा जुनी प्रणाली निवडायची राहून गेल्यामुळे. आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या विवरणपत्रापासून विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांकही भरावा लागतो, त्यामुळे वडिलांची पॉलिसी हाताशी घेऊनच विवरणपत्र भरायला बसावे.