अडीच, एक पूर्णांक सहा आणि चार: लिव्हरेजच्या आकड्यांमागची गोष्ट

ठाण्यात नौपाड्याच्या आमच्या क्लासमध्ये लिव्हरेजचा धडा दोन लेक्चरमध्ये उरकतो. सूत्रं तीनच, गणितं ठरलेली, उत्तरंही बरोबर येतात. मग मी विचारतो, 'डीओएल, म्हणजे डिग्री ऑफ ऑपरेटिंग लिव्हरेज, अडीच आला म्हणजे काय?' वर्गातून हमखास उत्तर येतं, 'सर, फिक्स्ड कॉस्ट जास्त आहे.' हे उत्तर अर्धवट आहे. ते का, हे या आकड्यांचं मूळ पाहिलं की कळतं.

लिव्हर म्हणजे तरफ. टेकूच्या एका बाजूला थोडा जोर लावला की दुसऱ्या बाजूचं मोठं ओझं उचललं जातं. ब्रिटिश पुस्तकांत यालाच गिअरिंग म्हणतात, म्हणजे दातेरी चाकांची उपमा. ऑपरेटिंग लिव्हरेजमध्ये टेकू असतो स्थिर खर्चाचा, फायनान्शियलमध्ये व्याजाचा. हे दोन टेकू दोन वेगळ्या घरांतून आले आहेत.

पहिलं घर इंजिनिअरांचं. हेन्री हेस यांनी १९०३ सालीच विक्री, खर्च आणि नफा यांच्या रेषा एका आलेखावर मांडल्या होत्या. पुढे १९३०च्या दशकात कोलंबिया विद्यापीठातले वॉल्टर राउटेनस्ट्राउख यांनी ब्रेक-इव्हन चार्ट रूढ केला. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता: कारखाना किती माल विकल्यावर खर्च भरून निघतो? कर्ज कुणाचं, व्याज किती, याच्याशी त्या आलेखाला देणंघेणं नव्हतं.

दुसरं घर वॉल स्ट्रीटचं. तिथे शब्द होता 'ट्रेडिंग ऑन इक्विटी', म्हणजे थोड्या भागभांडवलाच्या जोरावर दुसऱ्याचे पैसे वापरायचे आणि वरचा फायदा आपल्या खिशात घालायचा. डिसेंबर १९२८मध्ये गोल्डमन सॅक्स ट्रेडिंग कॉर्पोरेशन उभी राहिली. तिने जुलै १९२९मध्ये शेनान्डोआ ही कंपनी काढली आणि शेनान्डोआने पुढच्याच महिन्यात ब्लू रिज. खालच्या कंपनीने ठरलेला डिव्हिडंड देणारे प्रेफरन्स शेअर काढून पैसे उभे करायचे, तिचे कॉमन शेअर वरच्या कंपनीने धरायचे. तळातली किंमत थोडी वाढली की प्रत्येक मजल्यावर ती वाढ फुगत वर जायची. घसरणही तशीच चढत गेली. लोकांना १०४ डॉलरला विकलेला ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा शेअर १९३२मध्ये पावणेदोन डॉलरच्या आसपास आला. मजल्यांचे परिणाम एकमेकांत मिळत नाहीत, ते एकमेकांना गुणतात. ऑपरेटिंग आणि फायनान्शियल मिळून होणाऱ्या कम्बाइन्ड लिव्हरेजमध्ये बेरीज नसून गुणाकार का, याचं याहून ढळढळीत उदाहरण मला माहीत नाही.

ही दोन घरं एका सूत्रात बसतात ती अर्थशास्त्रामुळे. अल्फ्रेड मार्शल यांनी १८९०मध्ये मागणीची लवचिकता मांडली. बारावीत सगळ्यांनीच ती घोकलेली असते. किमतीत एक टक्का बदल झाला तर मागणीत किती टक्के? डिग्री ऑफ लिव्हरेजचा साचा हाच आहे: विक्रीत एक टक्का बदल झाला तर ईबीआयटीत, म्हणजे व्याज व कराआधीच्या नफ्यात, किती टक्के? लवचिकता जशी मागणीरेषेवरच्या एका बिंदूची असते, तसा डीओएलही विक्रीच्या एका पातळीचा असतो. तो कंपनीच्या अंगाला चिकटलेला गुण नाही. फायनान्शियलचा असाच आकडा डीएफएल, कम्बाइन्डचा डीसीएल. कॉन्ट्रिब्युशन म्हणजे विक्रीतून बदलता खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम, ईबीटी म्हणजे व्याज गेल्यावरचा, कराआधीचा नफा.

```
DOL = Contribution / EBIT
DFL = EBIT / EBT
DCL = Contribution / EBT
```

आमच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांचं रबाळे एमआयडीसीत पितळी फिटिंगचं वर्कशॉप आहे. सोयीसाठी गोल केलेले त्यांचे वर्षाचे आकडे असे. ५०,००० नग, विक्री नगाला २०० रुपयांनी १ कोटी. कच्चा माल आणि जॉबवर्क धरून बदलता खर्च नगाला १२० रुपये, म्हणून कॉन्ट्रिब्युशन ४० लाख. भाडं, पगार, घसारा असा स्थिर खर्च २४ लाख. (विजेचं बिल इथे फोडावं लागलं: डिमांड चार्ज स्थिर खर्चात, युनिटचे पैसे बदलत्या खर्चात. अख्खं बिल एकाच बाजूला टाकलं तर डीओएल चुकतो.) ईबीआयटी राहिला १६ लाख. ५० लाखांच्या कर्जावर १२ टक्क्यांनी व्याज ६ लाख, उरले १० लाख.

डीओएल ४० भागिले १६, म्हणजे २.५. डीएफएल १६ भागिले १०, म्हणजे १.६. डीसीएल ४. आता विक्री दहा टक्के वाढवून पाहू. कॉन्ट्रिब्युशन ४४ लाख, ईबीआयटी २० लाख, म्हणजे २५ टक्के वाढ. व्याज गेल्यावर १४ लाख, म्हणजे ४० टक्के वाढ. कर २५ टक्के आणि शेअर एक लाख धरले, तर ईपीएस, म्हणजे दर शेअरमागचा नफा, साडेसात रुपयांवरून साडेदहावर जातो. तीही ४० टक्केच. कराचा दर दोन्हीकडे सारखा असेल तर तो भागाकारात उडून जातो.

पण आता त्याच वर्कशॉपचा डीओएल पुन्हा काढा: ४४ भागिले २०, म्हणजे २.२. स्थिर खर्च एक रुपयाही हलला नाही, तरी आकडा उतरला, कारण धंदा ब्रेक-इव्हनपासून आणखी लांब गेला. 'फिक्स्ड कॉस्ट जास्त' हे उत्तर इथेच गळून पडतं. उलट बाजूला विक्री तीस टक्के पडून ३५,००० नगांवर आली, तर कॉन्ट्रिब्युशन २८ लाख, ईबीआयटी ४ लाख आणि डीओएल ७. ऐन ब्रेक-इव्हनवर, ३०,००० नगांना, छेद शून्य होतो आणि डीओएल काढताच येत नाही.

३५,००० नगांवर व्याज भरलं की २ लाख तोटा. डीएफएल येतो उणे २, आणि मुलं घाबरून उणे चिन्ह खोडतात. ते खोडू नये. ईबीआयटी व्याजापेक्षा कमी पडतोय, एवढंच ते चिन्ह सांगतं. इथे एक मर्यादाही दिसते. ५०,००० नगांवरचा डीसीएल ४ वापरला तर तीस टक्के घटीला १२० टक्के घट यायला हवी. करपूर्व नफ्यात ती तंतोतंत येते, १० लाखांवरून उणे २ लाख. ईपीएस मात्र साडेसातवरून उणे दोन होतो, म्हणजे सुमारे १२७ टक्के घट, कारण तोट्यावर कर नाही आणि दर दोन्हीकडे सारखा उरला नाही.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते प्रेफरन्स डिव्हिडंडवर. व्याज कराआधी जातं, हा डिव्हिडंड कर भरून उरलेल्या नफ्यातून. याच वर्कशॉपवर दीड लाखांचा प्रेफरन्स डिव्हिडंड असता, तर छेदात तो ०.७५ने भागून २ लाख धरायचा: १६ भागिले ८, डीएफएल २. सरळ दीड लाख वजा केले तर १.८८ येतो, आणि तोही दिसायला अगदी बरोबर वाटतो. चूक पकडायला वाढलेल्या विक्रीचं स्टेटमेंट मांडावं. इक्विटीचा नफा ६ लाखांवरून ९ लाखांवर जातो, ५० टक्के. ईबीआयटी २५ टक्केच वाढला होता. उत्तर २.

त्या मुलीने वडिलांना घरी विचारलं की व्याजासकट ब्रेक-इव्हन किती. तिने वहीत ३० लाख भागिले ८० करून ३७,५०० नग काढले होते. चहा पिता पिता ते म्हणाले, 'महिन्याला तीन हजार सव्वाशे पीस निघाले नाहीत, तर बँकेचा हप्ता माझ्या पगारातून जातो.' तिने बाराने गुणून पाहिलं.