शरीर वस्तुमान निर्देशांक : उंचीच्या एककातील चूक तपासणे

शरीर वस्तुमान निर्देशांक म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या. बोलताना आणि कागदोपत्री तिला सर्रास बीएमआय म्हणतात. वजन आणि उंचीचे हे नाते बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले. आजचे नाव मात्र ॲन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९७२ सालच्या लेखापासून रूढ झाले. सूत्र लहान असले तरी त्यात एक अडचण कायमची आहे. उंचीमापकाची पट्टी सेंटिमीटरमध्ये वाचली जाते, नोंदही सेंटिमीटरमध्ये होते आणि सूत्राला उंची मीटरमध्ये लागते. मधले रूपांतर राहून गेले, दोनदा झाले किंवा चुकीच्या जागी झाले, की निर्देशांक बिघडतो.

उदाहरणादाखल ६६ किलो वजनाची आणि १६४ सेंटिमीटर उंचीची प्रौढ व्यक्ती घेऊ. उंची १.६४ मीटर, तिचा वर्ग २.६८९६ आणि निर्देशांक २४.५. आता सूत्रात १.६४ ऐवजी थेट १६४ घातले तर छेदात २६,८९६ येतात आणि उत्तर ०.००२४५ निघते. एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, पण उंचीचा वर्ग होत असल्यामुळे उत्तर शंभरपट नव्हे, तर दहा हजारपट लहान होते. ही गोष्ट लक्षात न घेता घाईने केलेली दुरुस्ती हमखास फसते. उत्तराला १०० ने गुणले जाते, ०.२४५ येते आणि चूक कायम राहते.

कागदावर एकच गणित करणाऱ्याला ०.००२४५ हे उत्तर लगेच खटकेल. शेकडो नोंदींच्या तक्त्यात ते सहज लपते, आणि याला तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे निर्देशांकाचा स्तंभ बहुधा एका दशांशस्थळापर्यंत दाखवलेला असतो, त्यामुळे तिथे ०.० दिसते आणि वाचणारा ती नोंद रिकामी समजतो. दुसरे, पुष्कळ ठिकाणी निर्देशांकासोबत किंवा त्याच्याऐवजी फक्त गट छापला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रौढांसाठीच्या वर्गीकरणात १८.५ पेक्षा कमी निर्देशांक कमी वजनाच्या गटात जातो. ०.००२४५ हेही १८.५ पेक्षा कमीच, त्यामुळे ६६ किलोच्या व्यक्तीपुढे निमूटपणे ‘कमी वजन’ असे लिहिले जाते. कुठेही त्रुटीची खूण उमटत नाही.

तिसरे कारण सरासरीचे आहे. समजा २०० जणांच्या तक्त्यात खरी सरासरी २४ आहे आणि त्यातील १० जणांची उंची सेंटिमीटरमध्ये राहून गेली आहे. या दहांचे निर्देशांक जवळजवळ शून्य होतात आणि सरासरी २२.८ वर येते, जी पाहून कोणाला शंका येणार नाही. उलट दिशेची चूक अशी लपत नाही. सूत्र उंचीला १०० ने भागते आणि नोंद आधीच मीटरमध्ये आहे, असे झाले तर १.६४ चे ०.०१६४ होतात आणि निर्देशांक २,४५,३९० च्या आसपास जातो. दोनशेपैकी एकच नोंद अशी असली तरी सरासरी बाराशेहून अधिक वाढते. म्हणून तपासणीत सरासरीवर विसंबू नये. स्तंभातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत आधी पाहावी, आणि तीही दशांशस्थळे वाढवून.

मात्र ‘निर्देशांक १० ते ६० च्या दरम्यान आहे का’ एवढेच पाहणे पुरेसे नाही, कारण काही चुका याच पट्ट्यात उत्तर देतात. त्यापेक्षा भरवशाची परीक्षा म्हणजे उलटा भागाकार. वजनाला मिळालेल्या निर्देशांकाने भागायचे. बरोबर गणितात हा भागाकार मीटरमधील उंचीचा वर्ग असतो. प्रौढांची उंची बहुतांशी १.४१ ते २ मीटरच्या दरम्यान असते, म्हणजे हा वर्ग साधारण २ ते ४ मध्ये पडतो. तोंडी हिशेबात असे म्हणता येते, की प्रौढाचा निर्देशांक वजनाच्या निम्म्यापेक्षा जास्त आणि पाव हिश्शापेक्षा कमी नसतो. १.७३ मीटरला उंचीचा वर्ग जवळजवळ ३ होतो, म्हणून तेवढ्या उंचीच्या माणसाचा निर्देशांक वजनाचा एक तृतीयांश असतो. ही एक खूणगाठ डोक्यात असली, की यादीवरून नुसती नजर फिरवतानाही विसंगत नोंद दिसते.

उलटा भागाकार २ ते ४ च्या बाहेर गेला, तर चूक कोणत्या जातीची आहे हे त्याची किंमतच सांगते. आपल्या उदाहरणातील व्यक्तीसाठी तो २६,८९६ आला तर उंची सेंटिमीटरमध्येच राहिली आहे. त्याचे वर्गमूळ १६४ काढले, की सूत्रात नेमकी कोणती संख्या गेली तेही कळते. २६८.९६ आला तर वर्ग आधी झाला आणि १०० ने एकदाच भागले गेले. ०.०००२७ आला तर रूपांतर दोनदा झाले. १.६४ आला तर रूपांतर ठीक आहे, पण वर्ग करायचा राहिला. ही शेवटची चूक फसवी आहे, कारण निर्देशांक ४०.२ येतो आणि ती संख्या खऱ्या माणसाचीही असू शकते.

भागाकार नेमका १ आला, म्हणजे निर्देशांक आणि वजन एकच आले, तर दोष बहुधा पूर्णांकी भागाकाराचा असतो. काही डेटाबेसमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकारही पूर्णांकच धरला जातो. तिथे `164/100` चे उत्तर १.६४ नसून १ येते, वर्गही १ आणि ६६ किलोच्या व्यक्तीचा निर्देशांक ६६. १०० ते १९९ सेंटिमीटर उंचीच्या प्रत्येकाच्या बाबतीत हेच घडते, तर ९५ सेंटिमीटरच्या मुलाच्या नोंदीवर उंची शून्य होऊन शून्याने भागल्याची त्रुटी येते. अशा ठिकाणी `100` च्या जागी `100.0` लिहिले की दशांश भाग टिकून राहतो. रूपांतर तर केलेले दिसते, तरी उत्तर चुकते, म्हणून हा दोष शोधायला सर्वांत जास्त वेळ जातो.

स्प्रेडशीटमध्ये चूक कंसांच्या जागेवरून होते. घाताची क्रिया भागाकाराच्या आधी होते. वजन `B2` मध्ये आणि सेंटिमीटरमधील उंची `C2` मध्ये असेल, तर बरोबर सूत्र असे आहे :

```
=B2/(C2/100)^2
```

कंस काढून `=B2/C2/100^2` लिहिले तर वर्ग फक्त १०० चा होतो, उंचीचा होत नाही, उत्तर ०.००००४ येते. `=B2/(C2/100^2)` लिहिले तर ते ४,०२४ येते. दोन्ही सूत्रांत १०० आहे, वर्ग आहे, भागाकार आहे. वरवर वाचणाऱ्याला ती बरोबरच वाटतात. म्हणून सूत्र वाचून पारखण्यापेक्षा ज्याचे उत्तर हाताने काढले आहे अशी एक नोंद त्यातून घालून पाहावी. ५० किलो आणि १०० सेंटिमीटर ही जोडी यासाठी घेऊ नये. मीटरमध्ये उंची १ असली की वर्ग केला काय, न केला काय, उत्तर ५०च येते आणि राहून गेलेला वर्ग पकडला जात नाही. ८० किलो आणि २०० सेंटिमीटर घ्यावे, उत्तर स्वच्छ २० यायला हवे.

एकाच स्तंभात दोन्ही एकके मिसळली असतील, तर सूत्र बदलून उपयोग नाही. एक गट सुधारेल आणि दुसरा बिघडेल. प्रौढांच्या नोंदींत मात्र ही एकके वेगळी करणे सोपे आहे, कारण मीटरमधील उंची १ ते २.५ आणि सेंटिमीटरमधील १०० ते २५० असते. मधली मोठी पोकळी रिकामी राहते. ५.४ अशी किंमत दिसली तर ती बहुधा ५ फूट ४ इंच या अर्थाने लिहिलेली असते, आणि ६४ दिसली तर ते इंच असू शकतात. अशा नोंदींबाबत अंदाज न बांधता त्या बाजूला काढाव्यात.

```
=IF(AND(C2>=100,C2<=250),C2/100,IF(AND(C2>=1,C2<=2.5),C2,"तपासा"))
```

हे सूत्र मीटरमधील उंचीचा नवा स्तंभ तयार करते. मूळ स्तंभ जसाच्या तसा ठेवावा आणि दोन्ही स्तंभांच्या शीर्षकात एकक लिहावे, उदाहरणार्थ `height_cm` आणि `height_m`. नुसते ‘उंची’ असे शीर्षक पुढच्या माणसाला पुन्हा त्याच चुकीकडे नेते. लहान मुलांच्या नोंदींना ही विभागणी लागू करता येत नाही. ७५ हे बाळाचे सेंटिमीटरही असू शकतात आणि उंच प्रौढाचे इंचही. मुलांच्या बाबतीत उलटा भागाकारही २ पेक्षा कमी येणे स्वाभाविक आहे, १.१० मीटरच्या मुलाचा तो १.२१ असतो.

चूक सापडल्यावर जुन्या निर्देशांकाला दहा हजारांनी गुणण्याचा मोह होतो. गणित म्हणून ते योग्य असले, तरी साठवलेली संख्या आधीच ठरावीक दशांशस्थळांपर्यंत आणलेली असते. आपल्या उदाहरणात ०.००२४५ ही किंमत चार दशांशस्थळांपर्यंत ०.००२५ अशी साठवली गेली, तर गुणाकाराचे उत्तर २५ येते. खरा निर्देशांक २४.५ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २५ पासून जादा वजनाचा गट सुरू होतो, म्हणजे दुरुस्तीनेच त्या व्यक्तीचा गट बदलला. तीन दशांशस्थळे ठेवली असतील तर ०.००२ चे २० होतात. स्तंभ पूर्णांकाचा असेल तर ० उरतो आणि परत मिळवण्यासारखे काहीच राहत नाही. उलटा भागाकारही करता येत नाही. म्हणून निर्देशांक नेहमी मूळ वजन आणि उंचीवरूनच नव्याने काढावा, आणि त्यावरून ठरवलेले गटही नव्याने ठरवावेत. गटाचा स्तंभ सूत्राने जोडलेला नसून एकदाच चिकटवलेला असेल, तर निर्देशांक सुधारूनही ‘कमी वजन’ तसेच राहते.

ही सारी तपासणी एककाची चूक पकडते, मापनाची नाही. १६४ च्या जागी आकडे उलटून १४६ लिहिले गेले, तर उंचीचा वर्ग २.१३ येतो, उलटा भागाकार पट्ट्यात बसतो आणि निर्देशांक ३१.० निघतो. अशी नोंद मूळ कागदाशी ताडून किंवा उंची पुन्हा मोजूनच कळते.